रिकॅपने खाल्लेले तीन महिने

अख्खा कोर्स शूट करायला मला पाच आठवडे लागले आणि त्यातले रिकॅप नीट करायला तीन महिने. हे उलटं वाटेल, पण तसंच झालं. कॅमेरा, माईक, लाईट यांबद्दल लोक भरभरून सांगतात. रिकॅपबद्दल सगळे एकच वाक्य टाकून मोकळे होतात, 'प्रत्येक धड्याच्या शेवटी उजळणी द्या'. त्या एका वाक्यावर माझा अजून राग आहे.

मी स्पर्धा परीक्षांचं अंकगणित शिकवते. वर्गातल्या तासांचं रेकॉर्डिंग होतंच, तेच कापून छोटे व्हिडिओ करू, असं आधी डोक्यात होतं. 'काळ आणि काम' या प्रकरणाचा तास ४८ मिनिटांचा होता. २०१४ साली ग्वो, किम आणि रुबिन या संशोधकांनी एडएक्स या ऑनलाइन कोर्सच्या प्लॅटफॉर्मवरच्या लाखो व्हिडिओ-सत्रांचा अभ्यास केला होता. व्हिडिओ कितीही लांब असो, निम्म्या वेळा तरी बघणारा सहा मिनिटांच्या आतच बाहेर पडतो, असा त्याचा गोषवारा कुठेतरी वाचला होता. मग काय, सहा-सहा मिनिटांचे आठ तुकडे. भागाकार बरोबर होता, शिकवणं मात्र जागच्या जागी तुटलं. तिसऱ्या तुकड्याच्या शेवटी फळ्यावर '६०' लिहिलेलं आणि मी म्हणतेय, "पुढचं पुढच्या भागात". मुलगा दोन दिवसांनी परत येतो तेव्हा ते ६० कुठून आलं हे त्याला आठवत नाही. मलाही आठवलं नसतं.

मग सगळं पुन्हा शूट केलं, घड्याळ बाजूला ठेवून. एका धड्यात उदाहरणाचा एकच प्रकार, आणि सुरू केलेलं उदाहरण त्याच धड्यात संपलं पाहिजे. धड्यात दोन गोष्टी शिरल्यात का, हे ओळखायची सोपी खूण आहे. त्याचं नाव एका ओळीत लिहून बघायचं. नावात 'आणि' आलं की ते दोन धडे. अशा रीतीने त्या ४८ मिनिटांचे अकरा धडे झाले. सर्वांत छोटा साडेतीन मिनिटांचा, बरेचसे पाच ते सात मिनिटांचे. (कोर्स घेणारे एकूण तास मोजतात, ही तक्रार पुढे आलीच. "मॅडम, एवढेच तास?" याला माझ्याकडे चांगलं उत्तर नाही. आता कोर्सच्या पानावर तासांच्या आधी सरावाच्या उदाहरणांची संख्या लिहिते.)

इथपर्यंत ठीक चाललं होतं. आता रिकॅप.

पहिल्या आवृत्तीत प्रत्येक धड्याच्या शेवटी मी दीड मिनिट बोलत होते. "तर आज आपण काय पाहिलं? एकूण काम म्हणजे लसावि धरायचा, मग प्रत्येकाचं एका दिवसाचं काम काढायचं..." वर्गात हे चालतं, कारण मुलं उठून जाऊ शकत नाहीत. प्लॅटफॉर्मवर प्रत्येक व्हिडिओचा आलेख मिळतो, कुठल्या सेकंदाला किती जण बघत होते याचा. तो आलेख पाच मिनिटं बऱ्यापैकी सपाट चालायचा आणि 'तर आज आपण' या शब्दांवर सरळ खाली कोसळायचा. एका धड्यात नाही, अकराच्या अकरा धड्यांत. मुलांना तो सूर कळला होता. बाई आता नवीन काही सांगणार नाहीत, हे त्यांनी माझ्या आधी ओळखलं होतं.

दुसऱ्या आवृत्तीत मी हुशारी केली. शेवटचं बोलणं काढून टाकलं आणि प्रत्येक प्रकरणाला चार मिनिटांचा वेगळा रिकॅप व्हिडिओ केला. सूत्रं, रंगीत चौकटी, नेटकी पाटी. आकडे बघून मी दोन आठवडे हवेत होते, कारण सगळ्या कोर्समध्ये हेच व्हिडिओ सर्वाधिक पाहिले गेले. परीक्षेच्या आदल्या आठवड्यात तर काही मुलांनी एकेक रिकॅप पाच-सहा वेळा पाहिला होता.

मग सराव चाचणी झाली. त्यात हे साधं उदाहरण होतं: एक काम अ १२ दिवसांत करतो, ब २० दिवसांत. दोघांनी मिळून केलं तर किती दिवस? उत्तरांत १६ची रांग लागली होती. १२ आणि २० यांची सरासरी! एकटा अ जे काम १२ दिवसांत उरकतो, त्याला मदतनीस मिळाल्यावर १६ दिवस कसे लागतील, हे कोणी थांबून बघितलंच नव्हतं. आणि हीच मुलं रिकॅप पाच-पाच वेळा बघून बसलेली.

त्यातल्या एका मुलीला मी फोन केला. ती म्हणाली, "मॅडम, रिकॅप बघताना सगळं येत होतं. तुम्ही पुढे काय लिहिणार तेसुद्धा मला आधी कळत होतं. पेपरात नुसतं उदाहरण समोर आलं आणि सुरुवात कुठून करायची तेच सुचेना."

दुखणं नेमकं हेच होतं. माझं पुढचं वाक्य ओळखणं म्हणजे तिला उदाहरण सोडवता येणं नव्हे. रोडिगर आणि कार्पिके यांचा २००६ चा प्रयोग मला त्यानंतर सापडला. त्यांनी विद्यार्थ्यांना एक उतारा दिला. काहींनी तो पुन्हा वाचला, काहींनी न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत पुन्हा वाचणारे पुढे होते, पण दोन दिवसांनी आणि आठवड्यानंतर आठवून लिहिणारे. माझा रिकॅप त्या पहिल्या पाच मिनिटांसाठी उत्तम होता. परीक्षा पाच मिनिटांनी नसते, एवढीच अडचण.

तिसऱ्या आवृत्तीत रिकॅपमध्ये मी सांगणं बंद केलं आणि विचारणं सुरू केलं. पडद्यावर उदाहरण, मग २० सेकंद शांतता, मग उत्तर. इथे दोन गोष्टी बिघडल्या. बरीच मुलं दीडपट वेगाने बघतात, त्यामुळे माझे २० सेकंद त्यांच्याकडे जेमतेम १३ होत. म्हणून आता शांतता ठेवत नाही, पडद्यावर ठळक 'पॉज करा, वहीत सोडवा' येतं आणि तीन सेकंदांत मी पुढे जाते. दुसरी अडचण मोठी होती. रिकॅप हा वेगळा तुकडा आहे तोवर तो वगळता येतो, आणि प्रश्न विचारणारा रिकॅप तर आनंदाने वगळला जातो.

महिनाभर मी यावर अडून बसले होते. वगळताच येणार नाही असं कुलूप प्लॅटफॉर्मवर लावता येत होतं, तेही लावून पाहिलं. मुलांनी व्हिडिओ चालू ठेवून फोन उलटा ठेवायला सुरुवात केली.

सुटका झाली ती रिकॅप शेवटून उचलून पुढच्या धड्याच्या सुरुवातीला ठेवल्यावर, आणि तोही असा की नवीन धडा त्याच्याच उत्तरावर उभा राहील. चौथा धडा आता असा उघडतो. नमस्कार नाही, 'मागच्या भागात आपण पाहिलं' नाही. थेट पाटी: अ १२ दिवस, ब २० दिवस, दोघे मिळून किती? पॉज करा. मग मी झटपट सोडवते. लसावि ६०, म्हणजे काम ६० भाग धरू. अ रोज ५ भाग करतो, ब ३, दोघे मिळून ८. ६० भागिले ८, साडेसात दिवस. १२ पेक्षा कमी आलंय ना, हेही विचारते. सगळं मिळून ४० सेकंद. आणि त्याच पाटीवर, काही न पुसता: "आता तीन दिवसांनी अ काम सोडून गेला. एकूण किती दिवस?"

नवीन धडा इथे सुरू होतो. तीन दिवसांत ८ च्या हिशेबाने २४ भाग झाले, ३६ उरले, ब एकटा रोज ३ करतो, म्हणजे आणखी १२ दिवस. ज्याने सुरुवातीचे ४० सेकंद पुढे ढकलले त्याला हे ८ आणि ३ कुठले ते कळत नाही, मग तो आपणहून मागे जातो. आलेखात आता सुरुवातीला छोटासा उंचवटा दिसतो, मागे येऊन पुन्हा बघणाऱ्यांचा. तो उंचवटा मी मैत्रिणींना फोनवर दाखवत फिरले, त्यांना काही कळलं नाही ते वेगळं.

याच धड्यात बहुतेक जण '१२' लिहून थांबतात, आधीचे तीन दिवस मिळवून १५ करत नाहीत. ही चूक पाचव्या धड्याच्या सुरुवातीच्या उदाहरणात मी मुद्दाम पेरली आहे. पर्यायांत ते अर्धवट उत्तरही ठेवते.

सुरुवातीला आणखी एक उदाहरण असतं, साधारण आठवड्यापूर्वीच्या धड्यातलं. ते कुठल्या प्रकारचं आहे हे सांगत नाही. परीक्षेत कोणी वर 'काम सोडून जाणारा प्रकार' असं छापून देत नाही, त्यामुळे प्रकार ओळखणं हाच अर्धा सराव. दोनच उदाहरणं, जास्त नाहीत. एकदा चार ठेवली होती, तर मूळ धडा सुरू व्हायला अडीच मिनिटं लागली आणि आलेख परत कोसळला.

हे आधी सांगायला हवं होतं, पण आत्ता आठवलं: बोलताना 'व्हिडिओ क्रमांक सात' असं कधीही म्हणू नका. मधे एक धडा घातला की पुढचे सगळे क्रमांक खोटे पडतात आणि आवाज पुन्हा रेकॉर्ड करावा लागतो. 'मिळून काम करायचं उदाहरण' असं म्हणा. फायलींनाही मी आता 010, 020, 030 अशी नावं देते, म्हणजे मधे 015 घालता येतो. ही अक्कल चोवीस धडे पुन्हा बोलून झाल्यावर आली.

या रचनेची किंमत आहे. धडे एकमेकांत गुंतल्यामुळे कोणी मधूनच सातवा धडा उघडला तर त्याचे सुरुवातीचे दोन मिनिट गोंधळात जातात. नमुना म्हणून फुकट दाखवायला मला म्हणूनच पहिलाच धडा ठेवावा लागतो. आणि ते जुने रंगीत रिकॅप काढून टाकले तेव्हा मुलांनी इतका गोंधळ घातला की परत टाकावे लागले, फक्त प्रत्येक सूत्राच्या आधी एक उदाहरण आणि 'पॉज करा' जोडून.

नळ आणि टाकीचा एक धडा मात्र अजून साडेअकरा मिनिटांचा आहे. दोन नळ भरतात, एक रिकामी करतो, आणि ते आळीपाळीने सुरू होतात. चार वेळा कापून पाहिला. शेवटच्या फेरीत टाकी मधेच भरते हे दिसायला सगळ्या फेऱ्या एकत्रच लागतात. त्याच्या नावात 'आणि' येत नाही, तो तसाच राहू दिलाय.