सुपर अन्न आणि इतर अर्थ

निरोप समारंभात बोलायला उभं राहणाऱ्याची पंचाईत अशी असते, की उत्सवमूर्तीबद्दल जे खरं आहे ते बोलता येत नाही आणि जे बोलता येतं ते आधीच्या तिघांनी बोलून टाकलेलं असतं. मनमिळाऊ, वक्तशीर, हसतमुख ही तिन्ही विशेषणं माझा नंबर लागेपर्यंत संपली होती. मग मॅडमच्या हातातलं ऑफिसचं पत्र मागून घेतलं. त्यात ‘रिटायरमेंट’ असा शब्दच नव्हता, होता तो ‘सुपरअ‍ॅन्युएशन’. म्हटलं, आज याच्यावरच बोलू.

“कोण सांगतं अर्थ?” असं विचारल्याबरोबर मागच्या टेबलावरून उत्तर आलं, “सुपर अन्न! म्हणजे आज जेवण चांगलं आहे.” दुसरा म्हणाला, “बढती असणार. मॅनेजरच्या वर सुपर-मॅनेजर, तशा मॅडम आता सुपर-अ‍ॅन्युअल.” हा दुसरा गडी अर्थाच्या बराच जवळ गेला होता, हे त्याचं त्यालाही कळलं नाही.

लॅटिनमध्ये ‘सुपर’ म्हणजे वर किंवा पलीकडे, आणि ‘आनुस’ म्हणजे वर्ष. मध्ययुगीन लॅटिनमध्ये ‘सुपरअनातुस’ हे विशेषण लावलं जाई ते गुराढोरांना. अर्थ एवढाच, की हे जनावर वर्षाच्या वर गेलं, आता त्याला वासरू म्हणू नका. इथे हशा पिकला आणि सगळ्यांनी मॅडमकडे पाहिलं. मॅडमनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, ती नजर आमच्या विभागात ओळखीची आहे. घाईघाईने सांगितलं, की हा शब्द पुढे माणसाइतकाच कागदालाही लागला. फ्रेंचमध्ये ‘स्युरानं’ म्हणजे जुनाट, कालबाह्य. आणि मुळात तो वर्षभराची मुदत उलटून गेलेल्या सरकारी दस्तऐवजाचा शब्द. जनावराचं काय किंवा कागदाचं काय, ते बिघडलंय असा आरोप त्यात कुठेच नाही. कॅलेंडर पुढे सरकलं, एवढंच.

आपल्या मराठी आदेशांत याला ‘नियत वयोमानानुसार सेवानिवृत्ती’ म्हणतात. जड वाटतं खरं, पण यातला ‘नियत’ फार मोलाचा आहे. राजीनामा माणूस देतो. स्वेच्छानिवृत्ती माणूस घेतो. वैद्यकीय कारणाने जायचं तर डॉक्टर लिहून देतो. नियत वयोमानात मात्र कोणी काही करत नाही, ते आपोआप होतं. साहेबांचं मत लागत नाही, की मॅडमची इच्छा. लागते फक्त जन्मतारीख. (ती सेवापुस्तकात चुकीची पडली असेल तर काय होतं, हा स्वतंत्र आणि दुःखद विषय आहे, तो मी पार्टीत काढला नाही.)

ही गोष्ट पहिल्यापासून इतकी सरळ नव्हती. इंग्लंडच्या सरकारी नोकरीतल्या पेन्शनचा इतिहास सांगताना १६८४ सालची एक गोष्ट हटकून सांगतात. लंडनच्या बंदरात जकात खात्याचा एक अधिकारी विषण्णतेच्या आजाराने काम करेनासा झाला. त्याला काढायचं तर तो खाणार काय, आणि ठेवायचं तर काम कोण करणार? तोडगा असा निघाला, की त्याची जागा दुसऱ्याला द्यायची आणि त्या दुसऱ्याने आपल्या पगारातून जुन्या अधिकाऱ्याला पोसायचं. म्हणजे तिजोरीला तोशीस नाही. खुर्ची हवी ना, मग खुर्चीत आधी बसलेल्याचा खर्चही घे.

हे ऐकून सगळ्या माना एकदम वळल्या त्या मॅडमच्या जागी येणाऱ्या तरुणाकडे. तो बिचारा समोसा की काय तोंडात धरून बसला होता. “पगारातून म्हणजे किती?” असं त्याने इतक्या गंभीरपणे विचारलं, की हिशेब विभागाला पाणी प्यावं लागलं.

त्या काळी म्हातारपणाचे पैसे मिळवायचे तर आपण निकामी झालोय, हे आधी दाखवून द्यावं लागे. वय हा त्यातला पुरावा, पण एकमेव नव्हे. नोकरी करत राहायचं आणि जमेनासं झालं, की ते जमत नसल्याचा दाखला मिळवायचा, असा तो व्यवहार. ब्रिटिश संसदेच्या १८५९ च्या सुपरअ‍ॅन्युएशन अ‍ॅक्टने या बाबतीत एक रेघ आखली. साठ वर्षं पूर्ण झालेल्याला आजाराचा दाखला आणायची गरज नाही. साठीच्या आत जायचं असेल तरच तो आणायचा. मला या कायद्यातलं हे कलम सगळ्यात माणुसकीचं वाटतं. धडधाकट माणसाला धडधाकट राहूनच घरी जायची मुभा त्याने दिली.

त्याच कायद्यातला हिशेब मी सगळ्यांना पेल्यावर बोट वाजवत समजावला. पगार साठ नाणी धरा. दहा वर्षं नोकरी झाली, की दहा नाणी पेन्शन. पुढे प्रत्येक वर्षाला एक नाणं जास्त. सदतीस वर्षं केली तर सदतीस नाणी. दहाच्या आत सोडलं तर पेन्शन नाही. चाळीस वर्षांना चाळीस, आणि तिथे गाडी थांबते. पंचेचाळीस वर्षं केली तरी चाळीसच. म्हणजे शेवटच्या पाच वर्षांचं काम पेन्शनच्या खात्यात कुठेच जमा होत नाही. यावर मॅडम पहिल्यांदा बोलल्या, “मग ती पाच वर्षं लोक ऑफिसात काय करायचे?” कोणीतरी उत्तर दिलं, “निरोप समारंभांत भाषणं.”

पैशाचा विषय निघाला म्हणून सांगितलं, की ऑस्ट्रेलियात हाच शब्द निवृत्तीच्या फंडाला लागतो आणि लोक त्याला लाडाने नुसतं ‘सुपर’ म्हणतात. तिथे १९९२ पासून मालकाला कर्मचाऱ्याच्या नावाने या फंडात पैसे भरणं सक्तीचं आहे. त्यामुळे नुकतं कामाला लागलेलं विशी-बाविशीचं पोरही “माझ्या सुपरमध्ये किती जमले?” असं विचारतं. वर्षाच्या वर गेलेलं वासरू तिकडे पुन्हा वासरापाशी आलं म्हणायचं.

मला वाटलं, आता बसावं. पण हिशेब विभागातल्या एकाला शंका आली. मॅडमचा वाढदिवस एक तारखेला. पत्रावर मात्र आधीच्या महिन्याची शेवटची तारीख. एक दिवस कुठे गेला?

ही शंका रास्त होती. भारत सरकारच्या मूलभूत नियमांतला ५६ क्रमांकाचा नियम म्हणतो, की ज्या महिन्यात साठ पूर्ण होतील त्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी दुपारनंतर निवृत्ती. वाढदिवस दोन तारखेला असो की अठ्ठावीसला, महिना पुरा करायला मिळतो. एक तारखेला जन्मलेल्यांना मात्र तो मिळत नाही; त्यांना आधीच्याच महिन्याच्या अखेरीस जावं लागतं. कायद्याच्या गणितात वर्ष पूर्ण होतं ते वाढदिवसाच्या आदल्या दिवशी. आमचा नियम याच नमुन्यावर बेतलेला. एक जुलैला जन्मलेला माणूस तीस जूनला सुटतो, दोन जुलैचा एकतीस जुलैला. जन्मात एका दिवसाचं अंतर, पगारात महिन्याचं.

“म्हणजे आईने आणखी थोडा धीर धरला असता तर मला महिनाभराचा पगार जास्त मिळाला असता,” मॅडम म्हणाल्या.

“आणि मला महिनाभर उशिरा खुर्ची,” वारसदार पुटपुटला. तोंडात आता काही नव्हतं, त्यामुळे ते सगळ्यांना नीट ऐकू गेलं.