प्रादेशिक व्यापार गटांचं उत्तर: मी लोण्यावर अडकले होते

पंधरा गुणांचा प्रश्न होता: प्रादेशिक व्यापार गटांमुळे होणाऱ्या आर्थिक एकात्मतेचे फायदे सांगा आणि त्यावरील टीकेचं परीक्षण करा. मी सहा फायदे लिहिले, सहा तोटे लिहिले, युरोपीय संघ आणि आसियान यांची नावं घातली. मिळाले चार. समासात लाल शेरा होता, ‘टीका वरवरची’. सराव परीक्षा घेणाऱ्यांच्या कार्यालयात जाऊन विचारलं, तर दीड तास बसवून हातात आदर्श उत्तर दिलं. त्यातही तीच यादी होती: ‘सदस्य नसलेल्या देशांचे नुकसान होते.’ कसं होतं, किती होतं, याचा पत्ता नाही. त्या कागदाचा राग अजून गेलेला नाही.

एकात्मतेच्या पायऱ्या मला येत होत्या. मुक्त व्यापार क्षेत्रात सदस्य आपसातला कर काढतात आणि सीमाशुल्क संघात बाहेरच्यांसाठीही सगळ्यांचा कर एकच असतो, एवढं नीट लिहिलं की त्या भागाचं काम झालं. मी अडकले ती ‘व्यापार विचलन’ या शब्दावर. व्याख्या पाठ होती: स्वस्त उत्पादकाकडचा व्यापार महाग उत्पादकाकडे वळणे. पण कर काढल्यावर माल महाग कसा पडेल? चार दिवस हेच डोक्यात होतं.

अभ्यासिकेतल्या एका ताईने वहीवर लोण्याचा हिशोब मांडला. समजा, आपल्या देशात लोणी 150 रुपयांना तयार होतं, दूरच्या देशात 100 ला आणि शेजारी देशात 120 ला. आयातीवर सगळ्यांना सारखाच 30 टक्के कर आहे. मग दूरचं लोणी 130 ला पडतं, शेजाऱ्याचं 156 ला. आपण दूरचं घेतो. आता शेजाऱ्याशी गट केला, त्याचा कर शून्य झाला. त्याचं लोणी 120 ला आलं, दूरचं 130 लाच राहिलं. गिऱ्हाईक शेजाऱ्याकडे वळलं.

“स्वस्तच झालं की मग,” मी म्हटलं.

“अगं, देशाच्या खिशातून बाहेर किती जातात ते बघ. आधी शंभर जायचे, आता एकशेवीस जातात. गिऱ्हाइकाचे दहा वाचले, पण सरकारचे तीस बुडाले.”

म्हणजे जुन्या खपातल्या प्रत्येक नगामागे 20 चा तोटा. किंमत उतरल्यामुळे खप वाढतो, त्यातून थोडी भरपाई होते, हेही लिहावं. मग तिने फक्त कराचा आकडा बदलला: 60 टक्के. आता दूरचं 160, शेजाऱ्याचं 192, म्हणून आपण घरचंच 150 चं खात होतो. गट झाल्यावर शेजाऱ्याचं 120 ला मिळतं आणि 30 वाचतात. ही व्यापार निर्मिती. लोणी तेच, देश तेच. आधीचा कर किती होता यावर फायदा की तोटा ते ठरलं. अर्थतज्ज्ञ जेकब वायनर यांनी 1950 मध्ये मांडलेला निर्मिती आणि विचलन यांतला भेद मला त्या पानावर कळला. एवढं कळल्यावर मला हायसं वाटलं, आणि हे आधी कुणी का सांगितलं नाही म्हणून संतापही आला.

खरं उदाहरणही लोण्याचंच मिळालं. न्यूझीलंडच्या लोण्याची मोठी बाजारपेठ ब्रिटन होती. 1 जानेवारी 1973 ला ब्रिटन युरोपीय समुदायात गेला आणि न्यूझीलंड समुदायाच्या कराच्या भिंतीबाहेर राहिला. म्हणून प्रवेशाच्या करारातच, प्रोटोकॉल 18 मध्ये, न्यूझीलंडच्या लोणी-चीजसाठी पाच वर्षांची सवलत ठेवावी लागली.

टीकेची दुसरी बाजू याच्या अगदी उलट आहे आणि ती वेगळ्या परिच्छेदात लिहा. नोव्हेंबर 2019 मध्ये बँकॉकला भारताने, न्यूझीलंडही ज्यात आहे त्या आरसेप या व्यापार गटात न जाण्याचा निर्णय जाहीर केला. इथल्या दूध उत्पादकांना भीती होती ती न्यूझीलंडच्याच स्वस्त दुधाच्या पदार्थांची. वायनरच्या हिशोबात स्वस्त माल येणं हा लाभ, पण दोन-चार गाई असलेल्या घराची मिळकतच दुधावर असते. देशाच्या बेरजेतला फायदा कुणाच्या घरी जातो आणि तोटा कुणाच्या, हा मुद्दा ‘देशांतर्गत उद्योगांना धोका’ या तीन शब्दांत मावत नाही. मला वाटतं, परीक्षण म्हणतात ते हेच.

पुढच्या वेळी फायद्यांना मी तीनच ओळी दिल्या, लोण्याचा हिशोब आठ ओळींत मांडला आणि पंधरापैकी नऊ मिळाले.

एक राहिलंच. मुक्त व्यापार क्षेत्र लिहिताना उगमाचे नियम विसरू नका. प्रत्येक सदस्याचा बाहेरचा कर वेगळा असतो, म्हणून बाहेरचा माल कमी कराच्या देशात उतरवून आत सरकवता येतो. तो रोखायला माल कुठे बनला याचा पुरावा मागतात, आणि त्या कागदपत्रांचा खर्च लहान निर्यातदाराला झेपला नाही, तर तो सवलत सोडून सरळ कर भरतो.