घोडं नेमकं अडतं कुठे

माझी भाची परवा पुस्तक घेऊन आली आणि म्हणाली, मामा हे वाच, प्रत्येक क्रियाबलाला तेवढंच आणि उलट दिशेचं प्रतिक्रियाबल असतं. बरं, म्हटलं, मग? मग घोडा गाडीला जितकं ओढतो तितकंच गाडी घोड्याला मागे ओढते ना, तर वजा होऊन शून्य, मग गाडी हलतेच कशी?

मी लगेच शाळेतलं पाठ उत्तर फेकलं, की अगं ती दोन बलं वेगवेगळ्या वस्तूंवर आहेत, एक गाडीवर, दुसरं घोड्यावर, वेगळ्या वस्तूंवरची बलं एकमेकांतून वजा करायची नसतात. माझ्या खात्यातून पैसे गेले, तुझ्या खात्यात तेवढेच आले, म्हणून काही तुझं खातं रिकामं राहत नाही. ती दोन मिनिटं गप्प बसली, मला वाटलं जिंकलो, आणि मग म्हणाली, ठीक आहे, गाडीवर पुढे ओढणारं बल आहे म्हणून गाडी पुढे जाईल. पण घोड्यावर तर मागे ओढणारंच आहे की, मग घोडा मागे का जात नाही?

घोडं अडलं ते इथे. खरं सांगतो, हा पुढचा प्रश्न मला शाळेत कधी पडलाच नव्हता, वेगवेगळ्या वस्तू एवढं लिहिलं की मार्क मिळायचे, विषय संपला. उत्तर बरोबरच आहे पण अर्धं आहे, कारण त्यात फक्त दोनच पात्रं आहेत, घोडा आणि गाडी. तिसरं पात्र पायाखाली आहे आणि त्याच्याकडे कोणी बघतच नाही.

जड गाडीला जुंपलेला घोडा निघताना कसा निघतो ते आठवा. मान खाली घालतो, अख्खं अंग पुढे झुकवतो, मागचे पाय वाकवून खूर जमिनीत रोवतो आणि जमीन मागे ढकलतो. जमीन मागे, बरं का, गाडी पुढे नाही. आणि न्यूटनचा तोच नियम आता त्याच्या बाजूने कामाला येतो, त्याने जमिनीला मागे रेटलं की जमीन त्याला तेवढ्याच जोराने पुढे रेटते. घोड्याला पुढे नेणारं बल हे, आणि ते घोड्याच्या बाहेरून येतं.

भाचीला आकडे लागतात, म्हणून कागदावर मांडलं. घोडा 400 किलो, भरलेली गाडी 600 किलो, चाकांना अडवणारा रस्त्याचा वगैरे विरोध 200 न्यूटन धरू, आणि दोघं मिळून दर सेकंदाला अर्धा मीटर प्रति सेकंद इतका वेग वाढवतायत असं समजू. आधी फक्त गाडीकडे बघ, घोड्यावर हात ठेव, दिसताच कामा नये. 600 किलोला हे त्वरण द्यायला 300 न्यूटन लागतात, वर विरोधाचे 200, म्हणजे दोर गाडीला 500 ने ओढतोय. आता हात उचलून गाडीवर ठेव. घोड्याला तोच दोर 500 नेच मागे खेचतोय, एक न्यूटनसुद्धा कमी नाही, आणि तरी 400 किलोच्या घोड्याला पुढचं त्वरण हवंय त्याचे 200, म्हणजे जमिनीने त्याला 700 ने पुढे ढकललं पाहिजे. 700 वजा 500, उरले 200, घोडा निघाला. तिने मग स्वतःच दोघांवरचा हात काढला आणि एकत्र करून बघितलं, बाहेरून 700 पुढे, 200 मागे, उरले 500, एकूण 1000 किलो, त्वरण अर्धा. जुळलं. आणि या शेवटच्या हिशोबात दोरातले ते 500 आणि 500 कुठे आलेच नाहीत, कारण घोडा आणि गाडी मिळून एकच वस्तू धरली की ते घरातल्या घरात होतात, तिथे ते खरंच एकमेकांना खातात.

इथे एक चूक बरेच जण करतात आणि मीही केलीय, की निघताना घोडा जास्त जोराने ओढतो आणि गाडी त्याला कमी जोराने ओढते म्हणून गाडी निघते, आणि एकदा एकसारखा वेग आला की मग दोन्ही सारखी होतात. साफ चूक. निघताना, धावताना, थांबताना, कायम सारखीच. कमीजास्त होतं ते 700 आणि 500 मध्ये, आणि ही काही क्रिया-प्रतिक्रियेची जोडी नाही, ती दोन वेगळ्या लोकांनी एकाच घोड्यावर लावलेली बलं आहेत. मला तर प्रतिक्रिया या शब्दावरच राग आहे, त्यामुळे वाटतं की आधी एकाने काहीतरी केलं आणि मग विचार करून दुसऱ्याने उत्तर दिलं. तसं नसतं, दोन्ही एकाच क्षणी असतात आणि कुठल्याला क्रिया म्हणायचं ती आपली मर्जी. खुद्द न्यूटनने 1687 च्या प्रिन्सिपियात या नियमाखाली घोड्याचंच उदाहरण दिलंय, दोराने दगड ओढणारा घोडा, आणि म्हटलंय की घोडाही दगडाकडे तेवढाच ओढला जातो. म्हणजे हे घोडं तेव्हापासूनच दाराशी उभं आहे.

हां, दोर हलका आहे असं मी गपचूप धरलंय. 10 किलोची साखळी असेल तर त्या साखळीलाही वेग द्यायला 5 न्यूटन लागतात, म्हणजे घोड्याच्या टोकाला 505 आणि गाडीच्या टोकाला 500. नियम मोडला नाही, मध्ये आणखी एक वस्तू आली इतकंच.

कागदाने तिचं समाधान झालं नाही म्हणून मग घरातली जड पेटी काढली, कडीला दोरी बांधली आणि तिला म्हटलं पायमोजे घालून गुळगुळीत फरशीवर ओढ. दोन्ही पाय सरकले आणि ती स्वतःच पेटीकडे ओढली गेली, पेटी जागची हलली नाही. मग मोजे काढून अनवाणी ओढली, पेटी निघाली. दोरी तीच, पेटी तीच, तीच ओढणारी, बदलली फक्त पायाची पकड. घोड्याचंही तेच, त्याचं वजन साधारण 4000 न्यूटन, आणि निसरड्या बर्फावर खुरांना वजनाच्या विसाव्या भागाइतकीच पकड मिळाली तर जमीन जास्तीत जास्त 200 नेच पुढे ढकलणार, तेवढे तर चाकांचा विरोधच गिळतो. अंगात कितीही ताकद असो, गाडी निघणार नाही, खूर नुसते घसरतील.

मग जमिनीचं काय, ती म्हणाली, तिला पण मागे ढकललंच ना. ढकललंच. खुरांनी 700 मागे, चाकांनी 200 पुढे, म्हणजे पृथ्वीवर 500 न्यूटन मागे उरले, आणि पृथ्वीचं वस्तुमान 6 च्या पुढे 24 शून्यं इतके किलो, तर तिचं त्वरण म्हणजे दशांशचिन्हानंतर 22 शून्यं आणि मग 8. तिने ती शून्यं एकेक करून लिहिली, ओळ संपली म्हणून दुसऱ्या ओळीवर गेली.

"आणि घोडा थांबला की?"

"थांबताना पाय पुढे रोवतो ना, मग जमिनीला पुढे ढकलतो. जेवढं दिलं तेवढं परत."

"आणि थांबलाच नाही तर?"

"चाकं थोडंथोडं परत करतच असतात," मी म्हटलं, आणि ती परत मोजे घालायला गेली.