अननसाचे डोळे काढताना

अननस कापायचं ते फिरकीचं यंत्र अजून आमच्या खालच्या खणात पडलंय आणि खण उघडला की मला दरवेळी नव्याने राग येतो. चतुर्थीच्या आधी आठवडाभर ते ऑनलाइन मागवलं. वर मूठ, खाली पोलादी नळी आणि नळीच्या टोकाला फिरकीचं पातं. अननसाचा शेंडा उडवायचा, यंत्र रोवायचं आणि बुचाचा स्क्रू फिरवावा तसं फिरवत खाली न्यायचं. गर फिरकीसारखा गोल गोल वर येतो, मधला दांडा नळीत राहतो. डोळे काढायचा प्रश्नच नाही. व्हिडिओत फार छान दिसतं.

खरोखर डोळ्यांचा प्रश्नच आला नाही, कारण पातं डोळ्यांपर्यंत पोचलंच नाही. पात्याचा घेर ठरलेला आणि अननस मात्र पोटाला फुगीर, वर-खाली निमुळता. मधल्या भागात सालीला आतून दोन बोटं जाड गर तसाच राहिला आणि खालच्या टोकाला पातं सालीतून बाहेर आलं. शेंड्यासकट दीड किलोच्या फळातून 540 ग्रॅम गर हाती लागला. उरलेला मी चमच्याने खरवडून खाल्ला, म्हणजे जिभेची सालपटं निघेपर्यंत खाल्ला. यंत्र परत घेत नाहीत, 'वापरलेलं' म्हणून.

मुळात हे काम माझ्याकडे आलं ते आईच्या सांधेदुखीमुळे. आमच्याकडे दीड दिवसाचा गणपती. विसर्जन झालं की गणपतीच्या डोक्यावर टांगलेली फळाफुलांची चौकट, म्हणजे माटोळी, उतरवायची, तिची फळं वाटायची आणि अननस मात्र घरी ठेवून त्याचं सासव, म्हणजे मोहरी-नारळाच्या वाटणातलं गोडसर तोंडीलावणं, करायचं, हा रिवाज. इतकी वर्षं अननस आईच कापायची, आदोळीवर, म्हणजे आमच्याकडच्या विळीवर, बसून. यंदा तिने जाहीर केलं की मनगट वळत नाही. वहिनीचं म्हणणं, नारळ-मोहरीचं वाटण मी करीन, फोडी तू दे. आणि फोडीत एकही डोळा नको, कारण सासवात अननस फारसा शिजत नाही आणि डोळ्यातलं तपकिरी कुसळ दातात अडकतं.

गोव्यातल्या बाणस्तारीच्या माटोळी बाजारात मी दोन अननस घेतले. तिथल्या बाईंना म्हटलं, बाय, एक सोलून द्या ना, मला बघायचंय. ती हसली. "दोळे काडपाक वेळ ना, बाब." समोर माणसांची रांग होती, त्यामुळे तिचंही बरोबर. पण तिने उचलून दिलेली दोन्ही फळं चांगली होती, आणि ते महत्त्वाचं. माटोळीला चार दिवस टांगून ठेवल्यावर अननस गोड होईल असं बरेच जण समजतात. तसं होत नाही. झाडावरून काढल्यावर अननसात साखर वाढत नाही. तो मऊ होतो, रंग बदलतो, पण गोडी आणली तेवढीच. बुडाशी पिवळा झालेला आणि बुडाला वास येणारा घ्यावा. फार मऊ मात्र नको, त्याला सुरी लावली की गर फाटतो आणि खाच स्वच्छ निघत नाही.

आता डोळे म्हणजे काय ते आधी सांगतो, कारण हे कळेपर्यंत मी उगाच टोकरत बसलो होतो. अननस हे एक फळ नाही. दांड्याभोवती शेकडाभर फुलं दाटीने येतात आणि त्यांची फळं एकमेकांना चिकटून एक होतात. प्रत्येक षटकोनी खवला म्हणजे एक फूल. डोळा म्हणजे त्या फुलाची पोकळी, तिच्यात वाळलेले पाकळ्या-केसरांचे अवशेष. म्हणूनच तो खड्ड्यासारखा आत जातो. आमच्याकडे कुळागरांत, म्हणजे पोफळीच्या बागांत, दिसणारा मोठा, पानांना जवळजवळ काटे नसलेला अननस असेल तर डोळे रुंद आणि उथळ. पानं काटेरी आणि फळ लहान असेल तर डोळे लहान पण खोल. दुसऱ्याला सुरी जास्त आत घालावी लागते.

आईने खुर्चीत बसून शिकवलं. शेंडा कापू नकोस, म्हणाली, तीच तुझी मूठ. तळाचा बोटभर काप काढून फळ पाटावर उभं केलं, डाव्या हाताने शेंडा धरला आणि वरून खाली पट्ट्या काढत सोललं. साल इतकीच जायला हवी की हिरवट खवले निघतील आणि डोळे तपकिरी ठिपक्यांसारखे गरावर शिल्लक राहतील. मी पहिल्या दोन पट्ट्या डोळ्यांसकट उडवल्या. आईने त्या उचलून मागे चिकटलेला गर दाखवला. बोलली काहीच नाही.

मग डोळे. नीट पाहिलं की ठिपके तिरक्या रांगांत बसलेले दिसतात. आईची पद्धत अशी की एकेक डोळा कोरायचा नाही, अख्खी रांग एका खाचेत काढायची. रांगेच्या खालच्या बाजूने सुरी तिरकी धरून डोळ्यांच्या बुडाशी टोक जाईल अशी ओढायची, मग वरच्या बाजूने तशीच. दोन्ही काप आत एकमेकांना भेटले की तीनधारी वादीसारखी पट्टी उचलून येते, तिच्यावर सगळे डोळे मण्यांसारखे. खाचेच्या तळाशी तपकिरी ठिपका उरला तर तेवढ्याच जागी टोक आणखी आत. खाच बोटापेक्षा रुंद झाली तर आपण गर फेकतोय.

पहिलं फळ याने अप्रतिम निघालं. रांगा उजवीकडे चढत होत्या, आठ खाचा, सोळा काप. मी फोटोसुद्धा काढला.

दुसऱ्या फळावर सगळं फसलं.

तोच हात, तीच सुरी, तीच उजवीकडे चढणारी रांग पकडली. पण रांग फार उभी चढत होती. खाच आखूड, चटकन वर पोचणारी. दोन काढल्या, तिसरीच्या वेळी वाटलं की काहीतरी चुकतंय, म्हणून दिशा बदलून दुसरीकडे वळणारी रांग धरली. ती मात्र पहिल्यासारखी निवांत फळाभोवती वळत गेली. आनंदात ती काढली आणि ती आधीच्या दोन खाचांना आडवी छेदून गेली. छेद झाला तिथे दोन्ही बाजूंनी गर गेला, मध्ये चौकोनी उंचवटे राहिले आणि त्यांच्या टोकावर अर्धे डोळे. ते काढायला पुन्हा कोरा. फळाचा एक गाल खडबडीत झाला. वहिनी वाटण थांबवून बघायला आली आणि "हे सासवाला की पंचामृताला?" विचारून गेली.

मी हात धुतले, चहा केला आणि सोललेलं फळ उन्हाच्या कवडशात ठेवून बसलो. एका डोळ्यात लवंग खोचली आणि तिथून फळाभोवती फिरत रांगा मोजल्या. एका दिशेने कमी चढाच्या 8 रांगा. उलट दिशेने जास्त चढाच्या 13. मग कचऱ्यातून पहिल्या फळाची पट्ट्यांची साल काढून जुळवून पाहिली. तिथेही 8 आणि 13, पण आरशात बघावं तशा उलट्या. पहिल्यात 8 रांगा उजवीकडे चढत होत्या, दुसऱ्यात डावीकडे. अननसाच्या रांगा कुठल्याही हाताच्या असू शकतात, एकाच बागेतल्या दोन फळांतही. मी मात्र पहिल्या फळाची दिशा हाताला लावून बसलो होतो.

आईला सांगितलं तर ती म्हणाली, "मग काय, मी रोज बघूनच सुरी घालायचे. तू विचारलंस कुठे?"

तर माझं आता असं चालतं. सोलून झालं की सुरी खाली ठेवायची. फळ आडवं धरून दोन्ही दिशा बघायच्या आणि कमी चढाची, म्हणजे मोजल्यावर कमी भरणारी दिशा पकडायची. पहिल्या रांगेवर सुरीच्या टोकाने नुसती रेघ मारायची, फळाभोवती ती नीट गेली तरच खोल काप. आणि एकदा पकडलेली दिशा सोडायची नाही, चुकीची असली तरीसुद्धा. तेरा खाचांत अननस वाया जात नाही, वेळ जातो. वाया जातो तो दिशा मध्येच बदलली की.

सुरीबद्दल आधी सांगायला हवं होतं. मी सुरुवातीला लांब पात्याची भाजीची सुरी घेतली, ती वळणावर वाकत होती. बोटभर लांबीची, ताठ आणि धारदार छोटी सुरी हवी. रसाने मूठ निसरडी होते, म्हणून जवळ ओलं फडकं. आणि बोटांना चुरचुरतं ते अननसातल्या ब्रोमेलेनने, प्रथिनं तोडणाऱ्या विकराने. जिभेला लागतं तेही तेच. उष्णतेने ते निकामी होतं, म्हणून फोडी गुळाबरोबर एक उकळी येईपर्यंत शिजवल्या की सासव जिभेला टोचत नाही.

दुसरं फळ बिघडलं तरी हिशोब घ्यायचा म्हणून मी पहिल्या फळाचं सगळं वजन करून ठेवलं होतं. फळ 1450 ग्रॅम. शेंडा 160, साल 330, डोळ्यांच्या पट्ट्या 110, मधला दांडा 80, फोडी 760, दहाएक ग्रॅम रस पाटावर. यंत्राच्या 540 च्या शेजारी हे 760 मी वहीत लिहून ठेवलंय. पट्ट्या आणि दांडा आल्याचा तुकडा घालून उकळले, गाळून गूळ घातला, दोन दिवस तेच पाणी प्यालो. दांड्याच्या कडक चकत्या दादाला आवडतात, त्याला थोड्या आधीच काढून दिल्या.

दुपारी सासव पानात आलं. वहिनीने पहिला घास घेतला, क्षणभर थांबली आणि ताटाच्या कडेला एक तपकिरी कुसळ ठेवलं. त्या खडबडीत गालावरचं असणार. तिने वाटी माझ्याकडे सरकवली आणि म्हणाली, "तेवढं एक."