पाठीमागून बोट फिरवणाऱ्या बाई

कर्ज फिटलं की आमच्याकडचं काम सोपं असतं, असं शाखेतल्या लोकांना वाटतं. पाकीट मागवायचं, द्यायचं, सही घ्यायची. मी चौदा वर्षं एका बँकेच्या कर्ज केंद्रात हेच करतोय, आणि त्या 'मागवायचं' शब्दात किती काय दडलंय ते आम्हालाच माहीत. ग्राहकाला वाटतं त्याचे कागद शाखेच्या लोखंडी कपाटात आहेत. ते असतात भिवंडीच्या गोदामात, एका ठेकेदाराच्या ताब्यात, बारकोड चिकटवलेल्या पाकिटात. पाकिटात काय आहे हे ठेकेदाराला माहीत नसतं, त्याला फक्त बारकोड कळतो.

२०२४ च्या जूनमधली गोष्ट. एका बाईंनी २००९ मध्ये पुण्यात जुना फ्लॅट घेतला होता, पंधरा वर्षांचं कर्ज. शेवटचा हप्ता ५ जूनला कापला गेला. तरी खातं बंद झालं नाही, कारण २०१९ मध्ये एक हप्ता परत गेला होता आणि त्याचं ५९० रुपये शुल्क खात्यावर तसंच पडून होतं. हप्त्यात ते वळतं होत नाही, वेगळ्या रकान्यात बसतं. बाईंना हे कळलं ११ जूनला, त्या 'कर्ज संपल्याचा दाखला' मागायला आल्या तेव्हा. त्याच दिवशी त्यांनी पैसे भरले, शिल्लक शून्य झाली, खातं बंद झालं.

रिझर्व्ह बँकेच्या १३ सप्टेंबर २०२३ च्या परिपत्रकानुसार कर्ज पूर्ण फिटल्यापासून ३० दिवसांत मूळ कागद परत द्यायचे आणि मालमत्तेवरचा नोंदवलेला बोजाही काढायचा. १ डिसेंबर २०२३ पासून जे कागद द्यायचे होतात, त्या सगळ्यांना हे लागू आहे. बँकेमुळे उशीर झाला तर दर दिवसाला ५,००० रुपये भरपाई. हा नियम आला तेव्हापासून आमच्या केंद्रात तारखेला जी किंमत आली आहे, ती आधी नव्हती.

पाकीट ५ जुलैला आलं. मी ते उघडून एलओडीशी ताळा केला. एलओडी म्हणजे कर्ज देताना बँकेने घेतलेल्या कागदांची सहीशिक्क्याची यादी. २००९ चा करार, त्याची नोंदणीची पावती, सूची क्रमांक दोन, सोसायटीचा भागदाखला, आणि आधीच्या मालकाचा बिल्डरशी झालेला १९९६ चा करार. या शेवटच्याला आम्ही 'चेन'चा कागद म्हणतो. फ्लॅट पुढे विकताना घेणाऱ्याचा वकील पहिल्यांदा तोच मागतो. यादीत त्यापुढे 'मूळ' लिहिलं होतं. कागद होता, पानं पूर्ण होती, शिक्के निळे होते. मी टिकमार्क केला.

८ जुलैला बाई आल्या. बहुतेक लोक या टेबलावर पेढ्याचा बॉक्स घेऊन येतात आणि पाच मिनिटांत पोच देऊन मोकळे होतात. 'सर्व मूळ कागद मिळाले' या ओळीखाली सही करताना पाकीटही उघडत नाहीत. नंतर चार-पाच वर्षांनी फ्लॅट विकायला काढतात आणि मग आमच्याकडे धावत येतात. तेव्हा त्यांची ती सही आमच्या फायलीत असते.

बाईंनी चष्मा लावला आणि एकेक पान पालथं करून मागच्या बाजूने बोट फिरवायला लागल्या. मी विचारलं, "काय बघताय?" म्हणाल्या, "सही." १९९६ च्या करारावर पोचल्या आणि थांबल्या. पुन्हा बोट फिरवलं. मग मला म्हणाल्या, "साहेब, हे रंगीत झेरॉक्स आहे."

मी पान हातात घेतलं. बॉलपेनने दाबून केलेली सही पानाच्या मागे उमटते, बोटाला रेघ लागते. इथे मागचं पान सपाट होतं. तिरकं धरलं तर शिक्क्याच्या निळ्या रंगाला सहीच्या काळ्या रंगासारखीच एकसारखी चकाकी होती. खरा रबरी शिक्का कागदात मुरतो, कडेने पसरतो. आणि मूळ दस्ताला शिवणीची भोकं असतात. इथे भोकांच्या जागी भोकांचं चित्र होतं. हे सगळं मला माहीत होतं. मी ते ५ जुलैला बघितलं नव्हतं. बाई छापखान्यात बाइंडिंगला होत्या, हे त्यांनी नंतर सांगितलं.

त्यांनी पोचेवर सही केली नाही. मी तेव्हा तरी बरोबर वागलो. एलओडीची प्रत त्यांना दिली आणि एक कागद कमी असल्याचं बँकेच्या लेखी पत्रात मांडून दिलं.

मग शोध. आमच्या मोठ्या साहेबांचं म्हणणं, "गहाळ म्हणून नोंदव, आपल्याला आणखी तीस दिवस मिळतात." खरं आहे, कागद हरवले तर बँकेला साठ दिवसांपर्यंत मुभा आहे, त्यानंतर भरपाई सुरू होते. पण त्याबरोबर बँकेने स्वतःच्या खर्चाने दुय्यम निबंधकाकडून प्रमाणित प्रत मिळवून द्यायला मदत करायची असते. साहेबांना परिपत्रकाचा पहिला अर्धाच भाग पाठ होता. वाईट माणूस नाहीत, पण तिमाहीच्या अहवालात भरपाईचा रकाना रिकामा ठेवायची त्यांना घाई. मी नोंदीत लिहिलं, 'शोध सुरू आहे.' हरवलाय की नाही हेच माहीत नसताना गहाळ कसं लिहिणार?

खात्याचा इतिहास काढला तर २०१४ मध्ये बाईंनी याच फ्लॅटवर आणखी एक, म्हणजे वरचं कर्ज घेतलेलं दिसलं. त्यासाठी वकिलाकडून पुन्हा छाननी झाली होती. मूळ पाकीट बाहेर आलं, करार वकिलाकडे गेला आणि परत येताना नव्या कर्जाच्या पाकिटात बसला. जुन्या पाकिटात जागा भरायला वकिलाच्या फायलीतली रंगीत प्रत कोणीतरी सरकवली. वरचं कर्ज २०१९ मध्ये फिटलं. ते पाकीट 'तारण नाही' अशा रकान्यात पडून होतं, म्हणून कोणी उघडलंही नव्हतं. १७ जुलैला, मोहरमची सुट्टी, मला घरी त्याचा बारकोड आठवत होता. १८ ला मागवलं, २२ ला करार टेबलावर.

बाईंनी त्याचीही सगळी पानं पालथी करून बोट फिरवलं. मग सही केली, तारीख स्वतःच्या हाताने घातली. सोसायटीला द्यायचं बोजा उतरवण्याचं पत्र सोबत घेतलं.

११ जून ते ११ जुलै तीस दिवस. त्यापुढे अकरा दिवस, ५५,००० रुपये. तीन आठवड्यांनी जमा झाले, साहेब माझ्याशी महिनाभर तुटक बोलले. पण त्या दिवशी बाईंनी वेगळंच विचारलं. "हप्ता ५ ला संपला ना? मग तिथून का नाही मोजत?" मी सांगितलं, ५९० रुपये बाकी होते, त्यामुळे पूर्ण फेड ११ ला. नियमाने मी बरोबर होतो. "पाच वर्षं मला कोणी सांगितलंच नाही, तर मी भरणार कशी?" मी स्टेटमेंट काढून दाखवलं. रकाना होता. पान तीन, खालून दुसरी ओळ. बाईंनी बघितलं आणि ते घडी घालून पाकिटात ठेवलं.

सहा दिवसांचे तीस हजार. अशा बाकी शुल्काचं पत्र ग्राहकाला पाठवायचं काम ज्या विभागाचं, त्यांनी मला उत्तर दिलेलं नाही. आणि १९९६ च्या कराराच्या रंगीत प्रतीसमोर ५ जुलैचा माझा टिकमार्क, माझ्या आद्याक्षरांसह, फायलीत आहे.