सुंगटांचं हुमण आणि लाकडी चमचा

आज माझ्या मैत्रिणीची चौथी केमो होऊन सतरा दिवस झाले. हो, मी दिवस मोजते आता, आधी मोजत नव्हते म्हणूनच घोळ घातला.

दुसऱ्या केमोनंतर तिसऱ्याच दिवशी मी म्हापशाच्या बाजारातून ताजी सुंगटं, म्हणजे कोळंबी, आणून त्यांची आमटी, तिचं आवडतं हुमण केलं आणि स्टीलच्या डब्यातनं घेऊन गेले. तिने झाकण उघडलं, वास आला आणि तोंड फिरवलं. मग माझा चेहरा बघून दोन घास खाल्ले आणि म्हणाली, "अगो, खिळा चाटल्यासारखं लागतंय सगळं." रात्री उलटी झाली. आता तिला सुंगटांचं नावसुद्धा नको. मळमळत असताना जे पोटात जातं त्याच्यावरूनच मन उडतं म्हणे, म्हणजे वाईट दिवसांत आवडीचा पदार्थ नेणं हे त्या पदार्थाचंच नुकसान. बिचारं हुमण!

तिची केमो एकवीस दिवसांनी असते. पहिले चार-पाच दिवस फोनसुद्धा नको, मेसेज टाकायचा आणि खाली लिहायचं, उत्तर देऊ नकोस. दुसऱ्या आठवड्यात रक्तातल्या पांढऱ्या पेशी कमी असतात, तेव्हा मला साधी शिंक आली तरी मी जात नाही. तिसरा आठवडा आमचा.

आणि नेते काय, तर लाकडी चमचा नेला एकदा, शंभरही रुपये लागले नसतील, सगळ्यात जास्त तोच वापरते ती, स्टीलचा तोंडात गेला की धातूची चव आणखी वाढते. सोबत कोकमाचं आगळ, उकळून गार केलेल्या पाण्यात, साखर आणि चिमूटभर मीठ घालून. गार असलं की वास कमी येतो आणि आंबट तेवढं तिला कळतं. पण तोंड आलं असेल तर आंबट आगीसारखं झोंबतं, तेव्हा कोमट पेज. आणि काही केमोच्या औषधांत गार लागलं की हातातोंडाला मुंग्या येतात, तिचं औषध तसलं नाही, हे आधी विचारून घेतलं. सगळं अर्धी वाटीच. मोठा डबा बघूनच तिला दमायला होतं, आणि परत तो घासून द्यायचं टेन्शन.

आज गेले तेव्हा बाल्कनीत बसलो. तब्येतीचं मी काही विचारलं नाही, विचारणारे खूप आहेत. ती नारळाच्या वादावर आली, चवथीला गणपतीच्या वर टांगतात त्या माटोळीला बांधायचा नारळ गेल्या वर्षी कुणी पाडला ह्यावर शेजारच्या दोन घरांत अजून बोलणं नाही, आणि आमची त्याच्यावर अर्धा तास चर्चा! मध्येच तिचे डोळे मिटायला लागले. मी बोलायची थांबले, पण उठले नाही, तिथेच भेंडी चिरत बसले.

वीसेक मिनिटांनी डोळे न उघडताच म्हणाली, "मग पाडला कुणी तो?"