चार मापांचा सेट

आमच्या शाखेत बाजाराच्या दिवशी कर्ज विभागाच्या टेबलाशी बसायला खुर्ची मिळत नाही. पोळा होऊन गेला होता, सप्टेंबरअखेरच्या टार्गेटसाठी मॅनेजरसाहेब मुद्रा कर्जाच्या फायली मोजत होते, आणि त्या गर्दीत दोघी बहिणी आल्या. दारव्हा तालुक्यातल्याच एका गावच्या. थोरली घरी ब्लाऊज शिवणारी, लग्न गावातच झालेलं. धाकटी बी.एस्सी. बी.एड., शाळेत तासिका तत्त्वावर शिकवून झालेली. त्या शाळेनं या वर्षी तिला बोलावलं नव्हतं.

थोरलीनं वहीचं पान माझ्यापुढं सरकवलं. “मॅडम, शिशूमध्ये पन्नास हजार पाहिजेत. बुटीक टाकतो.”

शिशू म्हणजे मुद्राचा सगळ्यात लहान गट, पन्नास हजारांपर्यंतचा, तारण लागत नाही. हिशेब नीट मांडलेला होता. बचत गट, आरडी आणि धाकटीच्या तासिकांचे पैसे मिळून दोघींचे सत्तर हजार जमले होते. त्यातून गाळ्याचं डिपॉझिट वीस हजार, जुनी जुकी मशीन मोटरसकट सोळा हजार, काउंटर, आरसा, हँगर आणि बोर्ड चौदा हजार. उरले वीस. त्यात आमचे पन्नास घातले की सत्तर हजारांचा माल नागपूरच्या गांधीबागेतून उचलायचा आणि दसऱ्याला फीत कापायची. मी मनातल्या मनात फाईल मोकळी करून ठेवली. उद्यम नोंदणी, मशीनचं कोटेशन, दोन फोटो, तासाभराचं काम.

तेवढ्यात धाकटी म्हणाली, “मॅडम, अर्ज लिहू नका अजून. माझं नाही ठरलं.”

“काल रात्री ठरलं ना अवं,” थोरली म्हणाली.

“तू ठरवलं. मी झोपली होती. मले ऑनलाइन क्लास घ्यायचा आहे. नववी-दहावीचं गणित-विज्ञान. एक लॅपटॉप घेऊ चाळीस हजारांचा, बाकीचे तीस हजार तसेच राहतील. कर्ज कायले पाहिजे?”

मागं रांग होती. तरी मी त्यांना उठवलं नाही. घरी झालं तर असं भांडण चुलीपाशी विझतं, माझ्यासमोर होतंय तर आकडे तरी बाहेर येतील असं वाटलं.

धाकटीनं पेन घेतला. “ताई, कुर्ती कशी पडते गांधीबागेत?”

“साडेतीनशेपर्यंत चांगली येते. आपण साडेपाचशेले विकू. दोनशे सुटतात.”

“एक देतो का तो दुकानदार?”

“एक कसा देईन? सेट असतो. एका डिझाइनचे चार. एम, एल, एक्सएल, डबल एक्सएल.”

“मंग चौदाशेचा सेट झाला. आपल्या गावात डबल एक्सएल किती जणींले लागतो?”

थोरली गप्प. धाकटीनं फळ्यावर शिकवावं तसं पानाच्या कडेला लिहिलं. चारही विकल्या तर बावीसशे येतात, आठशे सुटतात. तीनच विकल्या तर साडेसोळाशे येतात, हातात सुटतात अडीचशे. एक कुर्ती हँगरला लटकली की सेटमधला नफ्याचा मोठा तुकडा तिच्यासोबत लटकतो. दोन लटकल्या तर अकराशेच परत येतात, म्हणजे घरचे तीनशे गेले.

किराणा आणि कपडा यांत फरक इथंच आहे. तूरडाळ राहिली तर पुढच्या महिन्यात त्याच भावानं जाते. कुर्तीचा गळा दिवाळीनंतर जुना होतो. पैसे मालात अडकतात आणि नवीन डिझाइन आणायला हातात काही उरत नाही. मग दुकानात गिऱ्हाईक येतं आणि “मागच्या वेळचंच आहे” म्हणून परत जातं. कपड्याचं दुकान बसतं ते बहुतेक असं. रिकामं होऊन नाही, भरलेलं असताना.

“आणि दर महिन्याचा खर्च?” मी विचारलं. एवढंच.

गाळ्याचं भाडं अडीच हजार. विजेचं पाचशे धरलं. पन्नास हजारांचा तीन वर्षांचा हप्ता, त्या दिवशीच्या दरानं, सोळाशेच्या थोडा वर. म्हणजे साडेचार हजारांहून जास्त, शटर उघडण्याआधीच. सगळे सेट पूर्ण खपले तरी महिन्याला तेवीस-चोवीस कुर्त्या फक्त यासाठीच विकायच्या. प्रत्येक सेटात एक राहिली तर दर कुर्तीमागं सुटतात त्र्याऐंशी रुपये, आणि तोच आकडा पन्नासच्या पुढं जातो. मिरगात गावाचा पैसा बियाण्या-खताच्या दुकानात असतो. तिथून कापूस घरात येईपर्यंत पन्नास बायका कुर्ती घ्यायला कुठून येणार, हे धाकटीनं विचारलंच नाही. ते थोरलीला तिच्यापेक्षा जास्त ठाऊक होतं.

थोरली मात्र दबणारी नव्हती. “झालं तुझं? आता तुझा क्लास सांग. गावात किती पोरं येतील?”

“वीस तर येतील. तीनशे रुपये महिना.”

“उन्हाळ्यात फुकट घेतला होता तवा किती आले?”

“पहिल्या दिवशी बावीस.”

“आणि दुसऱ्या हप्त्यात?”

धाकटीनं उत्तर दिलं नाही, म्हणून थोरलीनं मला सांगितलं. “सहा, मॅडम. कारण मी सांगतो. घरात मोबाईल एक, तो बापाजवळ, बाप वावरात. तो येतो सात वाजता. आठ वाजता क्लास लावला तर दिवसभराचा दीड जीबी भावानं रील पाहून संपवलेला. लाईन गेली की थोड्या वेळानं टॉवरही जातो. एक पोरगी माझ्या ओसरीवर येऊन बसायची, का तर आमच्या घरी रेंज येते. म्हटलं, मंग हिच्यासमोरच बसून शिकव ना माय!”

मी हसले. थोरलीनं हसण्यासाठी सांगितलेलं नव्हतं. ज्या गावात पोरं पाच मिनिटांत चालत येऊ शकतात तिथं ऑनलाइन शिकवायचं म्हणजे मधे मोबाईल, डेटा आणि टॉवर असे तीन अडथळे स्वतःच उभे करायचे. शिवाय मोबाईल हातात आला की फुकटचे व्हिडिओ त्याच पडद्यावर पडलेले असतात. तिथं तीनशे रुपये कोण देतो?

“पण सगळं काही गावातलंच नाही,” धाकटी म्हणाली. आता तिचा आवाज खाली आला होता. “मावशीची पोरगी पुण्याले आहे. तिच्या सोसायटीतले तिघं जणं विचारून राहिले. दहावी, सेमी-इंग्लिश. प्रत्येकी हजार देतात महिन्याचे. त्याहीले तिथं याच्या दुप्पट लागतात.”

“हे मले कधी सांगितलं?”

“तू कुर्त्या मोजत होती.”

तिघांचे तीन हजार. तिच्या गावातल्या वीस पोरांकडून कापसानंतर वसूल होणाऱ्या सहा हजारांपेक्षा मला ते तीन हजार जास्त खरे वाटले, कारण ते महिन्याच्या पहिल्या तारखेला खात्यात येणार होते. तिचाच धडा, तिचीच मेहनत, फक्त गिऱ्हाईक पुण्याचं. ऑनलाइनचा उपयोग असेल तर तो इथंच.

आता मी त्यांच्या पानाच्या मागच्या बाजूला एक प्रश्न लिहिला. चार-पाच महिन्यांत शटर ओढावं लागलं तर कशाचे किती परत येतील? कर्ज देताना आमच्या फॉर्मवर हा रकाना नसतो. असावा असं मला फार दिवसांपासून वाटतं.

दोघींनी मिळून भरलं. डिपॉझिट वीस हजार, घरमालक सरळ असेल तर पूर्ण. मशीनचे अकरा, कारण जुकीला गिऱ्हाईक कायम असतं. काउंटर-आरशाचे चार, बोर्डाचं शून्य. सत्तर हजारांच्या मालाचे निम्मे धरले, पस्तीस. बेरीज सत्तर. त्यातून कर्जाचे शिल्लक पंचेचाळीस वजा. म्हणजे स्वतःच्या सत्तरमधले पंचवीस हजार हाती. लॅपटॉपचं लिहिलं, चाळीसचे वीस. थोरलीनं सोळा हजारांच्या मशीनपुढच्या अकरावर बोट ठेवलं आणि बराच वेळ काढलं नाही. सगळ्या यादीत कमवणारी आणि किंमत धरून ठेवणारी वस्तू तेवढी एकच होती.

“ब्लाऊजले तुले काय सुटतं?” धाकटीनं विचारलं.

“अस्तराचा अडीचशे घेतो. अस्तर, हूक, धागा मिळून साठ जातात. एकशेनव्वद.”

“एका कुर्तीएवढेच. आणि कापड गिऱ्हाईकाचं.”

“कापड ठेवल्याशिवाय बुटीक म्हणतं का कोणी? बाया पाहायले येतात.”

“मंग ड्रेस पीस ठेव. न शिवलेले.”

थोरली थांबली. मग तिनंच पुढं नेलं, आणि माझ्या दृष्टीनं त्या दिवसाचं खरं काम ते होतं. पीसला माप नसतं. एम नाही, डबल एक्सएल नाही, सेट नाही. सुटे दहा-बारा आणता येतात. जिला आवडला तिच्या मापानं शिवायचा, म्हणजे कापडाचे थोडे आणि शिलाईचे पूर्ण. “मॅडम, आणखी एक,” ती म्हणाली, “शिवलेला कपडा माझ्या हातात राहतो. पैसे दिले की न्यायचा. तयार कुर्ती मात्र ‘कापूस विकला की देतो’ म्हणून घेऊन जातात, आणि नाही म्हणता येत नाही. जाऊच लागते ती.”

उधारीबद्दल मी इतकी वर्षं कर्जदारांना सांगत आले, पण हे मला कोणी असं सांगितलं नव्हतं.

मग गाळा पुसला गेला. ओसरीचा रस्त्याकडचा भाग, पडदा, जुना आरसा. मशीन सोळा, पिको-फॉलची जोड सात-आठ, पीस दहा हजारांचे. लॅपटॉपही पुसला गेला. त्याजागी मोबाईलचा स्टँड, एक पांढरा फळा, आणि लाईन गेल्यावर वायफाय चालवणारी छोटी बॅटरी. झूमच्या फुकटच्या खात्यात चाळीस मिनिटांत मीटिंग तुटते, पण तिघांना तासाचे दोन तुकडे करून शिकवलं तर चालतं असं धाकटीचं म्हणणं. गावातली पोरं समोर बसून, त्याच ओसरीवर, सकाळी. मशीन दुपारी. पस्तीस हजारांच्या आसपास बेरीज आली. निम्मे पैसे खात्यातच राहणार होते.

माझं एक म्हणणं होतं, ते मी सांगितलं: लग्नसराईत एकट्या थोरलीच्या हातानं किती ब्लाऊज होणार? एकशेनव्वद रुपये सुटतात ते ती मशीनवर बसेल तेवढेच. आजारी पडली की बंद. तयार माल निदान तिच्या जागी बसून नवरा तरी विकू शकतो. यावर दोघींकडं उत्तर नव्हतं. काज-बटण आणि हूक लावायला शेजारची पोरगी दर नगानं ठेवू, एवढंच थोरली म्हणाली.

मॅनेजरसाहेबांनी लांबूनच विचारलं, “झाली का फाईल?”

“नाही सर, आज नाही.”

त्यांनी कपाळाला आठी घातली. धाकटीनं एफडीचा फॉर्म मागितला. थोरली म्हणाली, एफडी नको, फेब्रुवारीत लग्नसराई लागते, पैसे लागतील तेव्हा मोडत बसायचं का? सेव्हिंगलाच राहू दे. त्यावरून पुन्हा सुरू झालं, आणि रांगेतल्या काकांनी शेवटी विचारलं की बायांनो, माझं पासबुक भरायचं आहे, भांडण काउंटर दोनवर चालणार नाही का.